आधी माळ विझली की आधी कमानीचा पाय सरकला? चार फोन, एक आवाज आणि दशांश सेकंदाचा प्रश्न

खालचं प्रकरण नमुन्यादाखल मांडलेलं आहे. प्रसंग रचलेला आहे, पण मोजमापं, चुका आणि त्यांची कारणं अशा कामात पडतात तशीच ठेवली आहेत.

विसर्जन मिरवणुकीच्या वाटेवर, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, रस्त्यावर उभारलेली विद्युत रोषणाईची कमान कलली आणि खाली आली. कमानीवरून एक केबल पलीकडच्या दुकानांवरच्या एलईडी माळांकडे जात होती. प्रश्न एवढाच होता की आधी काय झालं. माळा आधी विझल्या असतील तर केबलला ताण आधी बसला, म्हणजे ती पुढे सरकणाऱ्या रथाच्या माथ्यात अडकली असण्याचा संभव वाढतो. कमानीचा पाय आधी सरकला असेल तर ढकलाढकलीत कमान कलली आणि तिनेच केबल ओढली. दोन्ही घटना एकाच फोनने टिपल्या असत्या तर काम दोन मिनिटांचं होतं. पण तसं झालं नव्हतं.

हाती चार व्हिडिओ होते. पहिला आयफोनवरचा, ६ मिनिटं १० सेकंदांचा, ढोल-ताशा पथकाच्या मागच्या बाजूने घेतलेला. त्यात दुकानांवरच्या माळा स्पष्ट दिसतात, कमान दिसत नाही. दुसरा एका गॅलरीतून, ४ मिनिटं ५ सेकंदांचा. त्यात पथक दिसतं, पण कमान आणि माळा दोन्ही घटना झाल्यानंतरच चौकटीत येतात. तिसरा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेला, ४८ सेकंदांचा, रथ केबलजवळ येताना दाखवणारा. चौथा कमानीच्या अगदी जवळून, अँड्रॉइड फोनवर घेतलेला, २ मिनिटं २० सेकंदांचा. त्यात कमानीचा पाय दिसतो, माळा चौकटीबाहेर आहेत. चौकटीवर ट्रकवरच्या हॅलोजनचा इतका उजेड आहे की माळा गेल्याने प्रकाशात पडलेला फरक मोजता येत नाही. पाचवी एक रील होती, पण तिच्यावर गाणं चढवून मूळ आवाज काढून टाकलेला होता. वेगही बदललेला असू शकतो म्हणून ती बाजूला ठेवली.

थोडक्यात, माळा पहिल्या व्हिडिओत आणि पाय चौथ्यात. त्या दोघांमधला ऑफसेट, म्हणजे चौथा व्हिडिओ पहिल्याच्या कितव्या सेकंदाला सुरू होतो हा आकडा, पुरेशा अचूकतेने काढायचा. बाकी सगळं त्या आकड्याच्या पडताळणीसाठी.

फाइलवरची वेळ कुठवर चालते

पहिली गोष्ट मूळ फाइल मिळवणं. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुन्हा एन्कोड होतो आणि चित्रीकरणाची वेळ सहसा निघून जाते. तोच व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी येते. पहिला, दुसरा आणि चौथा असे मूळ स्वरूपात मिळाले. आल्या आल्या प्रत्येकाचा sha256, म्हणजे फाइल पुढे बदलली नाही हे दाखवणारा ठसा, काढून ठेवला आणि पुढचं सगळं काम प्रतींवर केलं. फाइलवरच्या नोंदी ffprobe या साधनाने वाचल्या:

```
ffprobe -v error -show_entries \
stream=codec_type,start_time,avg_frame_rate,sample_rate:format_tags=creation_time v4.mp4
```

चौथ्या फाइलची creation_time होती 14:15:33Z. ही वेळ यूटीसीमधली, म्हणून साडेपाच तास मिळवले की रात्रीचे ७ वाजून ४५ मिनिटं ३३ सेकंद. पहिला व्हिडिओ ७:४२:१० ला सुरू झालेला. मग चौथा पहिल्यानंतर २०३ सेकंदांनी सुरू झाला असं वाटतं, आणि ते चूक आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत ही नोंद रेकॉर्डिंग थांबताना, फाइल बंद करताना लिहिली जाते. म्हणजे ती शेवटाची वेळ, सुरुवातीची नाही. तिच्यातून व्हिडिओची लांबी, १४० सेकंद, वजा केली की ६३ उरतात. पुढे आवाजावरून आलेलं उत्तर ६१ आणि ६२ च्या मधलं आहे. उरलेला फरक दोन फोनांच्या घड्याळांतला आणि सेकंदाखालचं काहीच न नोंदण्याचा. मेटाडेटाची वेळ ही शोध कुठे घ्यायचा ते सांगण्यापुरतीच. फरक जवळपास व्हिडिओच्या लांबीएवढा निघाला की सुरुवात आणि शेवट यांची गल्लत झाली आहे हे ओळखावं.

आवाज काढताना शून्य जागेवर ठेवणं

आवाज वेगळा काढायला एक ओळ पुरते, पण त्या ओळीत एक गोष्ट विसरली तर पुढचं सगळं थोडं थोडं चुकत जातं. फाइलमध्ये आवाज आणि चित्र एकाच क्षणी सुरू होतातच असं नाही. आवाज ४० किंवा ८० मिलिसेकंद उशिरा सुरू होत असेल आणि आपण तो उचलून पहिल्या नमुन्यापासून शून्य धरला, तर त्या आवाजावरून काढलेला ऑफसेट चित्राला लागू पडत नाही. म्हणून सुरुवातीची रिकामी जागा शांततेने भरून घ्यायची.

```
ffmpeg -i v4.mp4 -vn -ac 1 \
-af "aresample=16000:async=1:first_pts=0" v4.wav
```

यातलं first_pts=0 ते काम करतं, आणि मध्येच आवाजाचे तुकडे गळाले असतील तर async=1 त्या जागा भरतं. सगळ्या फाइल १६ किलोहर्ट्झवर आणल्या, कारण एक फोन ४४.१ वर आणि दुसरा ४८ वर आवाज नोंदवतो. वेगवेगळ्या दरांचे नमुने एकमेकांवर ठेवले तर काहीच जुळत नाही.

ढोल-ताशा जुळवणं अवघड का

आवाजावरून व्हिडिओ जुळवण्याचं गाजलेलं उदाहरण २०१७ च्या लास व्हेगासच्या गोळीबाराचं आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी ३० व्हिडिओ एका टाइमलाइनवर बसवले, ते गोळ्यांच्या १२ फैरींच्या आधाराने. तिथे फैरींची लांबी आणि त्यांच्यामधली अंतरं एकसारखी नव्हती, त्यामुळे एक फैर दुसरीच्या जागी बसण्याचा धोका कमी. पथकाचं वादन नेमकं याच्या उलट आहे. एक ‘हात’ सुरू झाला की तेच आवर्तन पुन्हा पुन्हा येतं. या प्रकरणात आवर्तन सुमारे ८ सेकंदांचं होतं. म्हणजे बरोबर जागेपासून ८, १६, २४ सेकंद पुढे-मागे सरकवलं तरी आवाज जुळल्यासारखाच वाटतो, कानालाही आणि संगणकालाही.

दुसरी अडचण मायक्रोफोनची. ढोलाच्या जवळ फोनचा माइक भरून जातो, आवाजाची टोकं कापली जातात, आणि फोन आपणहून पातळी खाली-वर करत राहतो. त्यामुळे कोणता ठोका मोठा आणि कोणता लहान यावर विसंबता येत नाही. सगळ्यात मोठा आवाज शोधून तो जुळवणं ही नवख्यांची पहिली कल्पना असते आणि इथे ती हमखास फसते. टिकून राहते ती ठोक्याची वेळ. तीही ढोलापेक्षा ताशाची, कारण ताशाची काडी कातड्यावर पडते तो आवाज धारदार असतो. म्हणून १ ते ६ किलोहर्ट्झचाच पट्टा घेतला. त्याखाली ढोलाची घुमणारी गुंज आहे, जी भिंतींवरून परतून पसरट होते.

```python
import numpy as np
from scipy.io import wavfile

fs, a = wavfile.read("v1.wav")
_, b = wavfile.read("v4.wav")
a, b = a.astype(float), b.astype(float)
n = 1 << (len(a) + len(b) - 1).bit_length()
R = np.fft.rfft(a, n) * np.conj(np.fft.rfft(b, n))
R /= np.abs(R) + 1e-9
f = np.fft.rfftfreq(n, 1/fs)
R[(f < 1000) | (f > 6000)] = 0
r = np.fft.irfft(R, n)
k = int(np.argmax(r))
if k >= len(a): k -= n
print(k / fs)
```

ही पद्धत नॅप आणि कार्टर यांनी १९७६ मध्ये मांडली. प्रत्येक कंप्रतेचं बळ समान करून फक्त कलेवरून, म्हणजे लाटांच्या पुढे-मागे असण्यावरून, जुळणी काढायची. फोनने पातळीशी केलेले खेळ त्यामुळे बरेचसे निष्प्रभ होतात. इथे दोन ठिकाणी चूक होते. आवाज आधी फिल्टर करून मग बळ समान केलं तर गाळलेल्या पट्ट्यातला गोंगाट पुन्हा वर येतो. म्हणून पट्टा नंतर कापायचा, वर कापला आहे तसा. आणि k ऋण कधी समजायचा हे अनेक तयार तुकड्यांत n/2 वरून ठरवलेलं असतं. पहिला व्हिडिओ लांब असल्यामुळे तो नियम खरा पण मोठा ऑफसेट ऋण ठरवू शकतो. तुलना len(a) शी करायची. उत्तर धन आलं तर b हा a नंतर तितक्या सेकंदांनी सुरू होतो.

पहिला आणि चौथा यांना पूर्ण लांबीवर उत्तर आलं ६१.३१. जुळणीच्या आलेखात त्याच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ सेकंदांवर लहान शिखरं होती, पण मधलं उघडच उंच. माणसाच्या हाताची लय यंत्रासारखी नसते. ती किंचित वाढते, किंचित रेंगाळते, त्यामुळे १४० सेकंदांच्या पट्ट्यात खरी जागा वेगळी निघते. तिसऱ्या, व्हॉट्सअ‍ॅपच्या ४८ सेकंदांच्या तुकड्यात तसं झालं नाही. तिथे दोन शिखरं जवळपास सारख्या उंचीची होती, एकमेकांपासून ८ सेकंदांवर. निवाडा केला तो पुन्हा न येणाऱ्या आवाजांनी: वादनाच्या वर चढलेला ‘मोरया’चा एक गजर आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या बसचा हॉर्न. फक्त त्या सहा सेकंदांचा तुकडा कापून जुळवला तेव्हा एकच शिखर उरलं, आणि ते दोहोंपैकी किंचित बुटक्याच्या जागी होतं. पूर्ण तुकड्यावर विसंबलं असतं तर रथ केबलजवळ आठ सेकंद चुकीच्या वेळी पोचला असता.

खोट्या शिखराची आणखी एक परीक्षा सोपी आहे. तीन व्हिडिओंचे ऑफसेट जोडी-जोडीने काढायचे आणि बेरीज जुळते का पाहायचं. घटनेच्या आसपासच्या पट्ट्यात पहिला ते दुसरा २०.०५, दुसरा ते चौथा ४१.३३, बेरीज ६१.३८, आणि थेट पहिला ते चौथा ६१.३८. एका आवर्तनाची चूक कुठे असती तर बेरीज आठ सेकंदांनी फसली असती. मात्र ही परीक्षा आवाजाच्या प्रवासाची चूक पकडत नाही. ती चूक तिन्ही ऑफसेटांत अशी वाटली जाते की बेरीज तरीही जुळते. बेरीज जुळली म्हणून ऑफसेट खरा असं धरून अनेक टाइमलाइनी चुकलेल्या असतात.

वर ६१.३१, इथे ६१.३८: हा फरक कुठून आला

पूर्ण लांबीवर ६१.३१ आणि घटनेजवळच्या वीस सेकंदांच्या पट्ट्यात ६१.३८. फरक ०.०७ सेकंद, म्हणजे दोन फ्रेम. व्हिडिओ वीस-वीस सेकंदांचे पट्टे पाडून प्रत्येकाचा ऑफसेट काढला तेव्हा चित्र उलगडलं. सुरुवातीचे पट्टे ६१.३१ वर सपाट, मग घटनेआधीच्या सुमारे ४० सेकंदांत आकडा हळूहळू चढत ६१.३८ वर.

अशी चढण दिसली की पहिला संशय फोनच्या घड्याळांवर जातो. दोन फोनांच्या स्फटिकांच्या वेगात थोडा फरक असतोच. दशलक्षात ३० भाग धरला तर दहा मिनिटांत १८ मिलिसेकंद. इथे मात्र ४० सेकंदांत ७० मिलिसेकंद सरकले. हे दशलक्षात १७५० भाग झाले, कोणत्याही चालू फोनच्या घड्याळाच्या कितीतरी पट बाहेर. शिवाय सुरुवातीचे पट्टे सपाट होते. घड्याळाचा फरक असता तर तो पहिल्या सेकंदापासून दिसला असता.

कारण पथक चालू लागलं होतं. आधी ते एका जागी उभं राहून वाजवत होतं: पहिल्या फोनपासून ८ मीटर, चौथ्यापासून १०२ मीटर. मग ते कमानीकडे १२ मीटर सरकलं. घटनेच्या क्षणी अंतरं २० आणि ९० मीटर. पहिल्या फोनला ताशाचा आवाज आधीपेक्षा उशिरा ऐकू येऊ लागला, चौथ्याला लवकर. दोन्ही मिळून २४ मीटरचा फरक, आणि तिशीच्या जवळच्या तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो, म्हणजे ०.०७ सेकंद. हिशेब बरोबर बसतो.

हे नीट न पाहता कोणी ती चढण घड्याळाची समजून चौथ्या व्हिडिओचा आवाज ताणून सरळ करायला गेलं, तर चांगली फाइल बिघडते. पट्ट्यांचा ऑफसेट वाजवणाऱ्यांच्या हालचालीबरोबर वाकत असेल तर काहीही ताणायचं नाही. घटनेच्या क्षणाला लागून असलेला पट्टा घ्यायचा आणि त्याच क्षणाची अंतरं धरायची.

आवाज वाटेत असतो तेवढा वेळ

आता मुख्य दुरुस्ती. आवाजावरून दोन व्हिडिओ जुळवणं म्हणजे एकच ठोका दोन्ही फोनांच्या कानांवर पडला ते क्षण एकावर एक ठेवणं. पण तो ठोका पहिल्या फोनला २० मीटरवरून, सुमारे ०.०६ सेकंदांत पोचला आणि चौथ्याला ९० मीटरवरून, ०.२६ सेकंदांत. हे दोन क्षण एक धरले की चौथ्या व्हिडिओतलं सगळं चित्र ०.२० सेकंद लवकर सरकतं. प्रकाशाला या अंतरात काहीच वेळ लागत नाही, म्हणून चूक थेट चित्रातल्या घटनांवर येते. ३० फ्रेमच्या व्हिडिओत साडेअकरा मीटरला एक फ्रेम, हा अंदाज मनात ठेवला तर कधी दुर्लक्ष करायचं आणि कधी नाही ते चटकन ठरतं. सगळे फोन एकाच मंडपात, पाच-सहा मीटरच्या आत असतील तर विसरून चालतं. रस्त्यावरच्या गर्दीत चालत नाही.

खरा ऑफसेट म्हणजे ६१.३८ अधिक (९० वजा २०) भागिले ३४९, अर्थात ६१.५८.

अंतरं काढली ती उपग्रह नकाशावर. प्रत्येक व्हिडिओतल्या दुकानाच्या पाट्या, विजेचा खांब, झाडाचा बुंधा यांवरून फोनची जागा ठरवली. ताशांची ओळ कुठे होती ते दुसऱ्या, गॅलरीतल्या व्हिडिओवरून दिसतं. फोनची जागा दोन-तीन मीटरवर सांगता येते. पथक मात्र स्वतःच काही मीटर पसरलेलं असतं, म्हणून अंतरांच्या वजाबाकीत एकूण ६ मीटरची ढील धरली. ती १७ मिलिसेकंद होते. जुळणीच्या शिखराची रुंदी सुमारे १० मिलिसेकंद. दोन्ही मिळून गोळाबेरीज ०.०३ सेकंद. तापमान ५ अंशांनी चुकलं तरी फरक २ मिलिसेकंदांचा, तो सोडून दिला.

फ्रेम मोजून वेळ काढू नये

चौथ्या व्हिडिओत कमानीचा पाय पहिल्यांदा हललेला दिसतो ती फ्रेम २१०३ वी. भागिले ३० केलं तर ७०.१ सेकंद. ही वेळ जवळपास तीन सेकंदांनी चुकीची आहे. उजेड कमी झाला की फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उघडा राहतो आणि दर ३० वरून २४ पर्यंत खाली येतो; हॅलोजन चौकटीत आला की पुन्हा वर जातो. फाइलच्या माहितीत ३० लिहिलेलं असलं तरी प्रत्येक फ्रेमची स्वतःची वेळ वेगळी नोंदलेली असते, आणि तीच खरी.

```
ffprobe -v error -select_streams v -show_entries \
frame=best_effort_timestamp_time -of csv=p=0 v4.mp4 > v4_pts.txt
```

त्या यादीत २१०३ व्या फ्रेमची वेळ ७३.०२ आहे, तिच्या आधीच्या फ्रेमची ७२.९८. पाय ७२.९८ ला स्थिर आहे, ७३.०२ ला सरकलेला आहे. दोन्ही आकडे लिहून ठेवायचे, एक नाही. घटना त्या दोन फ्रेमच्या मधे कुठेतरी घडली, एवढंच चित्र सांगतं.

पहिल्या व्हिडिओत माळा १३४.४७ ला पेटलेल्या आहेत, १३४.५० ला विझलेल्या. त्या एलईडी होत्या हे इथे कामी आलं. साध्या एलईडी माळेचा पुरवठा तुटला की ती फ्रेमभरात काळी होते. हॅलोजनची तार गरम असेपर्यंत मंदावत जाते, तिच्यावरून क्षण ठरवता आला नसता.

एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं एकत्र लावताना बदलता दर अडचण करतो, म्हणून दाखवण्याच्या प्रतीसाठी चौथा व्हिडिओ स्थिर दरावर आणला:

```
ffmpeg -i v4.mp4 -fps_mode cfr -r 30 -c:v libx264 -crf 16 -c:a copy v4_cfr.mp4
```

यात काही फ्रेम दुप्पट होतात. म्हणून मोजमाप मूळ फाइलवर, दाखवणं या प्रतीवर. दोन्हींची सरमिसळ झाली की फ्रेमभराची नवी चूक शिरते.

उजेडाने केलेली पडताळणी

आत्तापर्यंतच्या हिशेबात एक गोष्ट धरून चाललो आहोत: प्रत्येक फोनमध्ये आवाज आणि चित्र एकमेकांशी अचूक जुळलेले आहेत. तसं नेहमी नसतं. काही फोनांत आवाज चित्राच्या काही दहा मिलिसेकंद पुढे किंवा मागे असतो, आणि ही ढील मॉडेलप्रमाणे बदलते. आवाजावरच्या ऑफसेटमधून ती कधीच दिसत नाही. ती पकडायला दोन्ही व्हिडिओंत दिसणारी एखादी उजेडाची घटना लागते: आकाशात फुटलेला बार, विजेचा लखलखाट, कोणाच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश.

कमान कलण्याच्या ३८ सेकंद आधी आकाशात एक बार फुटला. बार स्वतः दोन्ही चौकटींबाहेर आहे, पण त्याचा उजेड भिंतींवर आणि माणसांच्या चेहऱ्यांवर पडतो. पहिल्या व्हिडिओत ९६.३४ ची फ्रेम काळोखी आणि ९६.३७ ची उजळ. चौथ्यात ३४.७६ ची काळोखी आणि ३४.८० ची उजळ. याचा अर्थ ऑफसेट ९६.३४ वजा ३४.८० पासून ९६.३७ वजा ३४.७६ पर्यंत कुठेही असू शकतो: ६१.५४ ते ६१.६१. आवाजाचं, अंतर धरून सुधारलेलं उत्तर ६१.५८ बरोबर यात बसतं. न सुधारलेलं ६१.३८ बसत नाही, पूर्ण लांबीवरचं ६१.३१ तर नाहीच. आवाज आणि उजेड हे दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत आणि ते इथे एकमेकांना धरून बोलतात. म्हणजे या दोन फोनांतली आवाज-चित्राची ढीलही या मर्यादेत आहे.

मग आवाजाचा खटाटोप कशाला, थेट उजेडानेच का जुळवलं नाही? बार फुटल्याचा उजेड नेमका कोणत्या सेकंदाला शोधायचा ते आवाजाने सांगितलं म्हणून. मिरवणुकीत असे डझनभर बार फुटतात, आणि आवाजाशिवाय एकाचा उजेड दुसऱ्याशी जोडण्याची चूक सहज होते. तिसऱ्या व्हिडिओत तर उजेडाची एकही सामाईक घटना नव्हती.

टाइमलाइनवर काय उरलं

आता तिन्ही ऑफसेटांनी तोच प्रश्न सोडवून पाहिला. पूर्ण लांबीवरच्या ६१.३१ ने पाय १३४.३३ ला सरकतो, माळा विझण्याच्या ०.१७ सेकंद आधी. घटनेजवळच्या पण न सुधारलेल्या ६१.३८ ने १३४.४० ला, म्हणजे ०.१० आधी. सुधारलेल्या ६१.५८ ने १३४.६० ला, म्हणजे ०.१० सेकंद नंतर. क्रमच उलटा झाला.

इतक्या थोड्या फरकावर क्रम ठरवायचा तर मधला आकडा सांगून भागत नाही, टोकं तपासावी लागतात. उजेडाने दिलेली रुंद मर्यादाच धरू, कारण ती फोनच्या ढिलीपासूनही मुक्त आहे. पाय सरकण्याची सर्वांत लवकरची शक्य वेळ ७२.९८ अधिक ६१.५४, म्हणजे १३४.५२. सर्वांत उशिराची ७३.०२ अधिक ६१.६१, म्हणजे १३४.६३. माळा विझल्या १३४.४७ आणि १३४.५० च्या मधे. दोन पट्टे एकमेकांवर येत नाहीत. कमीत कमी ०.०२ आणि जास्तीत जास्त ०.१६ सेकंद माळा आधी.

तयार टाइमलाइन लावताना एक गोष्ट पाहणाऱ्याला आधीच सांगावी लागते. केडेनलाइव्हमधलं आवाजावरून जुळवणं असो किंवा दाविंची रिझॉल्वमधलं, दोन्ही न सुधारलेला ऑफसेटच देतात, त्यावर ०.२० सेकंद हाताने सरकवावे लागतात. सरकवले की पहिला आणि चौथा एकत्र वाजवताना ताशाचा प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू येतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, जुळणी बिघडली. खरं तर आवाज एकजीव ऐकू येतो तेव्हा चित्र चुकीच्या जागी असतं. दाखवण्याच्या प्रतीत म्हणूनच फक्त पहिल्या व्हिडिओचा आवाज ठेवला, बाकीचे बंद केले आणि कारण चित्राखाली लिहिलं.

नोंदवहीतल्या ओळी अशा झाल्या: ‘१३४.४७–१३४.५०, माळा विझल्या, व्हिडिओ १, थेट दिसतं.’ ‘१३४.५२–१३४.६३, कमानीचा पाय सरकला, व्हिडिओ ४, ऑफसेट ६१.५४–६१.६१, आवाज आणि उजेड दोन्हींनी तपासलेला.’ केबल कोणी ओढली या रकान्यात काही लिहिलं नाही. तिसऱ्या व्हिडिओत रथाचा माथा केबलच्या उंचीवर येताना दिसतो, पण तो तुकडा माळा विझण्याच्या आधीच संपतो, आणि केबलला माथा लागलेला क्षण चारपैकी एकाही फोनमध्ये नाही.